पैठणी उलटी करून पाहा: फोटोवरून काय कळतं आणि काय नाही

मैत्रिणीच्या मुलीचा बोस्टनहून मेसेज आला. सोबत तीन फोटो. वांगी रंगाची पैठणी, पदरावर मोर, काठाला मुनिया, म्हणजे छोटे पोपट. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, विकणारा म्हणतो हातमागाची आहे आणि प्युअर जरी आहे. 48 हजार सांगतोय. खरी आहे ना?’

मी तिला आधी एकच गोष्ट विचारली, ‘खरी म्हणजे काय, ते सांग.’ तिला वाटलं मावशी टाळतेय. पण माझं माहेर येवल्याचं. घरात माग होता, लहानपणी शाळेतून आलं की कांड्या भरायला, म्हणजे छोट्या नळ्यांवर धागा गुंडाळायला बसायचं. तेव्हापासून एवढं पक्कं माहीत आहे की ‘खरी पैठणी’ या दोन शब्दांत चार वेगळे प्रश्न लपलेले असतात. धागा रेशमाचा आहे का? साडी हातमागावर विणली आहे का? नक्षी हाताने एकेक धागा घालून भरली आहे की जॅकार्ड नावाच्या यंत्राने उचलली आहे? आणि जरीत चांदी आहे की तांबं? या चारही प्रश्नांची उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र असतात. शुद्ध रेशमाची साडी पॉवरलूमवर विणलेली असू शकते. उत्तम हातमागाच्या साडीत तांब्याची जरी असू शकते, आणि आजकाल ती बहुतेक वेळा असतेच. विकणाऱ्याने चारपैकी एक गोष्ट खरी सांगितली की ऐकणारा उरलेल्या तीन आपल्या मनाने धरून चालतो. फसवणूक बहुतेक वेळा अशीच होते, सरळ खोटं बोलावंच लागत नाही.

तिने पाठवलेल्या तीनही फोटोंत साडी पुतळ्याला नेसवलेली होती, वरून पिवळ्या दिव्यांचा झोत. त्यावरून मला एवढंच सांगता आलं की रंग छान आहे. मग मी तिला कोणते फोटो मागवायचे ते सांगितलं. ते का मागवायचे हे कळायला पैठणी विणतात कशी हे आधी थोडं पाहावं लागेल.

मागावर लांबीला जे धागे ताणलेले असतात तो ताणा. त्यातून आडवा जो धागा धोट्याने इकडून तिकडे जातो तो बाणा. साध्या कापडात बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जातो. पैठणीच्या पदरात तसं होत नाही. तिथे विणकरासमोर छोट्या छोट्या कांड्यांची रांग असते. पोपटाची चोच लाल असेल तर लाल रेशमाची कांडी चोचीच्या रुंदीपुरती जाते आणि तिथूनच परत फिरते. शेजारी हिरव्या रेशमाची कांडी पोपटाच्या अंगापुरती फिरते, त्याच्या शेजारी जरीची कांडी मधल्या सोनेरी जमिनीपुरती. जिथे दोन रंग भेटतात तिथे त्यांचे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात, म्हणून मध्ये फट राहत नाही. एका आडव्या ओळीत अशा वीस-पंचवीस कांड्या असू शकतात. ती ओळ पूर्ण झाली की ठोका मारायचा आणि पुढची ओळ धरायची. पदर दिवसाला काही बोटंच का सरकतो, ते यावरून कळेल.

आता विचार करा, असा पदर उलटा केला तर काय दिसेल? जे सुलट्या बाजूला आहे तेच, फक्त आरशात पाहिल्यासारखं. लाल धागा चोचीच्या बाहेर गेलेलाच नाही, तर तो मागेही चोचीच्या बाहेर दिसणार नाही. मोराच्या पिसाऱ्यातला निळा मागेही पिसाऱ्यातच. दोन पोपटांच्या मधल्या जागेत मागच्या बाजूला नुसती जरीची जमीन. फार तर जिथे कांडीतला धागा संपून नवा जोडला तिथे धाग्याची बारीक टोकं दिसतील, तीही कुठेही, काही नियम नसलेली.

जॅकार्डवर विणलेल्या नक्षीचं मागचं अंग वेगळं असतं. तिथे लाल धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पूर्ण रुंदी पार करतो. चोच आली की वर येतो, चोच संपली की खाली जातो, आणि पुढची चोच येईपर्यंत मागच्या बाजूला लोंबकळत प्रवास करतो. म्हणून उलट्या बाजूला एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत धावणारे सैल धागे दिसतात. ते बांगडीत, अंगठीत अडकतात म्हणून पुष्कळदा कारखान्यातच कातरून टाकतात. तसं केलं की प्रत्येक नक्षीच्या दोन्ही बाजूंना कातरलेल्या धाग्यांची खुरटी झालर उरते, न्हाव्याने दोन दिवसांपूर्वी केलेल्या दाढीसारखी. ती एकदा पाहिली की पुन्हा विसरत नाही.

म्हणून पहिला फोटो मी मागवला तो पदराचा, आणि तोही एका विशिष्ट पद्धतीने. पदराचं एक टोक दुमडायचं, म्हणजे एकाच चौकटीत अर्धा मोर सुलटा आणि शेजारी दुसरा मोर उलटा दिसेल. शेजारी कागदाच्या चिठ्ठीवर आजची तारीख लिहून ठेवायची. सुलटी बाजू एका फोटोत आणि उलटी दुसऱ्या फोटोत मागवली, तर दोन्ही फोटो एकाच साडीचे आहेत याची काही खात्री नसते. चांगल्या साडीच्या उलट्या बाजूचा एकच फोटो दहा साड्यांसाठी फिरवणारे विक्रेते मी पाहिले आहेत.

फोटो आला. उलटा मोर सुलट्या मोराइतकाच रेखीव, दोन मोरांच्या मध्ये कोणताही रंग ओलांडून गेलेला नाही, तीन-चार ठिकाणी धाग्यांची टोकं. शिवाय दोन मोर अगदी हुबेहूब नव्हते. डावीकडच्या मोराच्या मानेला वळण घेताना एक पायरी जास्त पडली होती. जॅकार्डमध्ये नक्षी आधीच पत्त्यांवर ठोकलेली असते, त्यामुळे पहिला मोर आणि विसावा मोर शिक्का मारल्यासारखे सारखे येतात. हाताने भरलेल्या नक्षीत विणकर ताण्याचे धागे मोजून चालतो, आणि मोजणारा माणूसच असतो.

पदर हाताने भरलेला आहे, हे इथे ठरलं. पण पदर म्हणजे साडी नव्हे. हाताने विणलेला पदर दुसऱ्याच अंगाला जोडून विकण्याचा प्रकार होऊ शकतो, म्हणून पदर आणि अंग एकाच मागावर, एकाच ताण्यावर विणले आहेत का हे पाहायचं होतं. त्यासाठी एक सोपी खूण आहे आणि ती विकणाऱ्यांच्याही सहसा लक्षात नसते.

तिची साडी वांगी रंगाची होती. पैठणीत असा रंग बहुतेक वेळा दोन रंगांच्या मिलाफातून येतो. ताणा जांभळा आणि बाणा तांबडा असला की कापड हलवताना कधी जांभळं, कधी तांबडं चमकतं. याला धूपछाव म्हणतात. आता अंग संपून पदर सुरू होतो तिथे बाणा बदलतो. तांबड्या रेशमाच्या जागी जरी आणि नक्षीचे रंग येतात. ताणा मात्र तोच राहतो, तो साडीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग असतो. त्यामुळे दोन गोष्टी घडायलाच हव्यात. पदराच्या सोनेरी जमिनीत जरीच्या फटींतून जो रंग डोकावतो तो जांभळा हवा, तांबडा नाही. आणि पदराच्या टोकाला ज्या दशा लोंबतात, त्या म्हणजे ताण्याचीच उरलेली टोकं, त्याही जांभळ्याच हव्यात. दशांचा रंग वेगळा निघाला, तर पदर वेगळ्या ताण्याचा आहे किंवा दशा नंतर लावल्या आहेत. दोन्ही बाबतीत विकणाऱ्याला विचारायला हवं.

तिने दशांचा फोटो पाठवला. जांभळ्या. अंग आणि पदर जिथे मिळतात तिथल्या जवळच्या फोटोत शिवण नव्हती, उभे धागे सरळ पुढे चालले होते.

मग काठाचा फोटो आला आणि तिचा लगेच घाबरलेला मेसेज. काठाच्या उलट्या बाजूला धागे धावत होते. एका मुनियेपासून दुसऱ्या मुनियेपर्यंत हिरवे-लाल सैल धागे. ‘मावशी, पॉवरलूम!’

नाही. इथे बरेच लोक चुकतात, आणि चूक दोन्ही दिशांनी होते. येवल्यात अनेक हातमागांवर जॅकार्ड चढवलेलं असतं. काठ जॅकार्डवर आणि पदर हाताने, अशी साडी तिथे नेहमी विणली जाते. तिला ब्रोकेड काठाची पैठणी म्हणतात. जॅकार्ड हे नक्षी उचलण्याचं यंत्र आहे, माग चालवण्याचं नाही. माग हाताने-पायानेच चालतो. त्यामुळे काठाच्या मागे सैल धागे दिसले याचा अर्थ एवढाच की काठाची नक्षी जॅकार्डची आहे. ती साडी पूर्ण हाताने भरलेल्या काठाच्या पैठणीइतकी महाग असू नये, हे खरं. पण तेवढ्यावरून ती पॉवरलूमची ठरत नाही.

पॉवरलूमचा प्रश्न सोडवायला काठाच्या अगदी कडेचा, म्हणजे साडीची किनार जिथे संपते त्या ओळीचा फोटो लागतो. धोट्याने विणलेल्या कापडात बाणा कडेपर्यंत जातो, वळतो आणि परत येतो. म्हणून कड बंद असते, धाग्याच्या वळशांनी गुंफलेली. नव्या पद्धतीच्या रेपियर मागावर धोटाच नसतो. प्रत्येक आडवा धागा वेगळा आत ओढला जातो आणि कडेला कापला जातो, म्हणून कडेला कापलेल्या टोकांची सलग बारीक झालर उरते, किंवा ती टोकं आत दुमडून घट्ट केलेली दिसतात. अशी कड दिसली की विषय संपला, ते हातमागाचं नाही. उलट बाजूने मात्र एवढी खात्री देता येत नाही. धोट्यावर चालणारे जुने पॉवरलूमही आहेत आणि त्यांची कड हातमागासारखीच बंद असते. आणि कडेलगतच्या बारीक भोकांचं काय, असं लोक विचारतात. विणताना कापडाची रुंदी आक्रसू नये म्हणून विणकर टोकांना सुया असलेली काठी आडवी लावतो, तिची ती भोकं. पण कापड ताणून धरायची सोय पॉवरलूमलाही असते आणि तिच्याही खुणा उमटतात. शिवाय भोकं कुणीही पाडू शकतो. मी त्यांना फार किंमत देत नाही.

कड बंद होती. म्हणजे रेपियर नाही, पण एवढ्यावर हातमाग ठरत नाही. हे ठरवायला विणीची दाटी मोजावी लागते.

दाटी म्हणजे ठरावीक लांबीत किती धागे. लोकांना वाटतं दाटी जास्त म्हणजे हातमाग. तसं नाही. पॉवरलूम हवी तितकी दाट वीण देऊ शकतो. दाटीवरून कापडाचा दर्जा कळतो, ते कुठल्या मागावर विणलं हे नाही. माग कळतो तो दाटी बदलण्यावरून.

ताण्याचे उभे धागे फणीतून जातात. फणीच्या दातांमधलं अंतर ठरलेलं असतं, म्हणून उभ्या धाग्यांची दाटी हातमागावरही सारखीच राहते. ते मोजून काही हाती लागत नाही. आडवे धागे मात्र ठोक्याने बसतात. फणी पुढे ओढून ठोका मारणारा हात सकाळी ताजा असतो, दुपारी थकलेला असतो, आणि मध्येच कुणी हाक मारली की एक ठोका हलका पडतो. शिवाय वीतभर कापड झालं की विणकर थांबून ते गुंडाळून घेतो आणि ताणा पुन्हा ताणतो. त्या जागी ताण थोडा बदलतो, आणि बारकाईने पाहिलं तर कापडावर आडवी फिकट रेघ दिसते. पॉवरलूमवर कापड प्रत्येक फेऱ्याला तेवढंच पुढे सरकत राहतं, म्हणून कुठेही मोजा, आकडा तोच येतो.

म्हणजे साडीच्या अंगाचे निदान पाच ठिकाणचे फोटो हवेत, आणि प्रत्येक फोटोत आडवे धागे मोजता यायला हवेत. इथे फोटोचं गणित आडवं येतं. समजा मेसेजमधून पाठवताना फोटो आक्रसून 1600 पिक्सेल रुंदीचा झाला. त्यात 20 सेंटिमीटर कापड मावलं असेल, तर एका सेंटिमीटरला 80 पिक्सेल मिळतात. चांगल्या पैठणीत एका सेंटिमीटरला तीसेक आडवे धागे धरले, तर एका धाग्याच्या वाट्याला जेमतेम अडीच-पावणेतीन पिक्सेल येतात. एवढ्यात धागा दिसत नाही. उलट कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी आणि विणीची जाळी एकमेकींवर पडून लाटांसारखे खोटे पट्टे दिसतात. कापड नीट असलं तरी ते सदोष वाटायला लागतं. तोच फोटो 4 सेंटिमीटर कापडाचा घेतला तर एका धाग्याला तेरा पिक्सेल मिळतात आणि धागे सुखाने मोजता येतात.

तिला मी सांगितलं, ‘अगं, विकणाऱ्याला म्हण, मोबाइल जवळ धर, मॅक्रो लाव. कापडावर शाळेची पट्टी सपाट ठेव, साडीच्या लांबीच्या दिशेने. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने पडू दे. आणि फोटो मेसेजमध्ये नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ बाजूने येणाऱ्या उजेडात प्रत्येक धाग्याची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते, म्हणून मोजणं सोपं होतं. फ्लॅशने रेशीम नुसतं चकाकतं.

विकणारा कुरकुरला, पण फोटो आले. मी पट्टीवरच्या 2 सेंटिमीटरमधले आडवे धागे मोजले. पाच ठिकाणी 62, 66, 60, 68 आणि 64 भरले. सरासरी 64, म्हणजे सेंटिमीटरला 32, आणि इंचाच्या भाषेत सुमारे 81. फोटोवरून मोजताना एखाद्या धाग्याची चूक माझीही होऊ शकते, पण 60 आणि 68 मधला फरक मोजण्याच्या चुकीचा नाही. तिसऱ्या फोटोत तर साध्या डोळ्यांनी एक आडवी रेघ दिसत होती. तिच्या एका बाजूला धागे किंचित विरळ, दुसऱ्या बाजूला दाट. कापड गुंडाळलं ती जागा. आकडे 64, 64, 65, 64, 64 असे आले असते, तर मी तिला पैसे परत खिशात ठेवायला सांगितलं असतं.

एक अडचण सांगायला हवी. मुरलेल्या विणकराचा ठोका फार सम असतो, आणि हातमागाला कापड पुढे सरकवायची यांत्रिक जोड बसवली असेल तर फरक आणखी कमी होतो. त्यामुळे फरक दिसला तर हातमागाच्या बाजूने वजन पडतं. फरक दिसला नाही तर लगेच पॉवरलूम म्हणायचं नाही, बाकीच्या खुणांसोबत पाहायचं. तिच्या साडीत सगळ्या खुणा एकाच दिशेला होत्या. हाताने भरलेला पदर, सलग जांभळा ताणा, बंद कड, बदलती दाटी.

आता राहिली जरी. फोटो सर्वांत जास्त फसवतो तो इथेच.

जुन्या पद्धतीची शुद्ध जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी केलेली तार गुंडाळायची आणि त्यावर सोन्याचा मुलामा द्यायचा. सोनं नावापुरतं, वजन चांदीचं. टेस्टेड जरी म्हणतात तिच्यात तार तांब्याची असते, तिच्यावर चांदीचा थर आणि वरून सोनेरी रंग. आत धागा सुती किंवा कृत्रिम. तिसरी प्लॅस्टिकची, म्हणजे चकचकीत केलेल्या पॉलिएस्टर पापुद्र्याची बारीक पट्टी. ‘टेस्टेड’ या नावाने लोक फार फसतात. ऐकणाऱ्याला वाटतं तपासून घेतलेली, म्हणजे उत्तमच असणार.

प्लॅस्टिकची जरी फोटोत ओळखता येते. पदराच्या मागे जिथे जरीचं एखादं टोक सुटलेलं असतं, त्याचा मॅक्रो फोटो घ्यायचा. धातूची जरी असेल, तर आतल्या धाग्याभोवती स्प्रिंगसारखे वेढे दिसतात. प्लॅस्टिकची बहुतेक वेळा सपाट, फीत कापल्यासारखी असते आणि तिची चमक आरशासारखी, ठिपक्याठिपक्यांनी तुटक. साडी जुनी असेल तर आणखी सोपं जातं. चांदी काळवंडते, सगळीकडून मंद होते. तांब्याची जरी घड्यांच्या ओळींवर लालसर होते, दमट कपाटात तिच्यावर हिरवट झाकही येते. प्लॅस्टिक काळं पडत नाही. त्याचा सोनेरी थर निघून जातो आणि मागे पारदर्शक पट्टी राहते.

पण नवी शुद्ध जरी आणि नवी टेस्टेड जरी? दोन्हीला वेढे आहेत, दोन्ही सोनेरी आहेत. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. मोबाइलचा कॅमेरा रंग आपल्या मर्जीने उजळवतो, त्यामुळे ‘शुद्ध जरीचा पिवळा जरा मऊ असतो’ वगैरे सल्ला फोटोवर चालत नाही. प्रत्यक्ष हातात घेतली तरी तो फारसा चालत नाही. आमच्या घरात एक आजी टोक नखाने खरवडून आत काय आहे ते पाहायच्या. लालसर धातू उघडा पडला तर तांबं, एवढं त्यावरून कळतं. जुन्या जरीच्या साड्या घेणाऱ्यांची रीत याहून सोपी होती. ते पदराचा तुकडा जाळायचे आणि राखेत चांदी किती उरते ते पाहायचे. कितीतरी घरांतल्या आजीच्या पैठण्या काठ फाटले म्हणून बोहारणीच्या हाती गेल्या आणि बदल्यात स्टीलचा डबा आला. त्या काठात खरी चांदी होती, हे घरातल्यांना फार उशिरा कळलं.

नवी साडी जाळता येत नाही. तिच्यासाठी सराफाकडचं कॅरेट मीटर चालतं. त्यातून क्ष-किरण जरीवर सोडतात आणि आत कोणते धातू किती आहेत ते यंत्र पडद्यावर दाखवतं. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असल्यामुळे किरण त्याच्या खालच्या धातूपर्यंत सहज पोचतात. चांदीचा आकडा मोठा आला तर शुद्ध जरी, तांब्याचा मोठा आणि चांदीचा किरकोळ आला तर टेस्टेड. साडीला धक्का लागत नाही आणि दोन मिनिटांत काम होतं. एकच काळजी घ्यायची. पदरातली जिथे जमीन भरीव जरीची आहे ती जागा यंत्राखाली धरायची, रेशमी नक्षीवर नको.

ती बोस्टनमध्ये, साडी विकणाऱ्याकडे नाशिकला. मी तिला म्हटलं, ‘त्याला सांग, कॅरेट मीटरची चिठ्ठी दे. प्युअर जरी म्हणतोयस ना, मग घाबरायचं कारण नाही.’ दोन दिवस उत्तर आलं नाही.

त्या दोन दिवसांत तिने दुसराच प्रश्न विचारला. साडीला सिल्क मार्क आहे, मग एवढी उठाठेव कशाला? सिल्क मार्क 2004 साली सुरू झालं आणि ते केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने चालतं. ते फक्त एवढंच सांगतं की धागा शुद्ध रेशमाचा आहे. म्हणजे चारपैकी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. पॉवरलूमच्या रेशमी साडीलाही सिल्क मार्क मिळू शकतं, आणि त्यात काही गैर नाही. हातमागासाठी वेगळं हॅण्डलूम मार्क आहे, ते 2006 साली आलं. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातून साडी ठरलेल्या भागातली आणि ठरलेल्या पद्धतीची असल्याचा दावा होतो. जरीतली चांदी मात्र यातलं कोणतंही लेबल तुम्हाला सांगत नाही. ती बिलावर लिहून घ्यावी लागते, ‘शुद्ध जरी’ किंवा ‘टेस्टेड जरी’ अशा स्पष्ट शब्दांत. नुसतं ‘जरी’ लिहिलेल्या बिलाचा पुढे काही उपयोग होत नाही.

तिसऱ्या दिवशी विकणाऱ्याचा मेसेज आला. चिठ्ठी नाही, पण भाषा बदललेली. जरी ‘उत्तम प्रतीची टेस्टेड’ आहे, प्युअर म्हणणं ही बोलण्याची पद्धत आहे, आणि ताई आपल्या माणसातल्या आहेत म्हणून 39 हजारांत देतो.

म्हणजे चार प्रश्नांची उत्तरं अशी आली. रेशीम खरं, लेबल आहे. माग हाताचा. पदर हाताने भरलेला, काठ जॅकार्डचा. जरी तांब्याची. तिला विचारलं, ‘आता काय करणार आहेस?’ ती म्हणाली, ‘मावशी, मला मोरांसाठीच हवी होती. त्या वाकड्या मानेच्या मोरासकट.’ तिने बिलावर ‘टेस्टेड जरी, जॅकार्ड काठ, हातमाग’ असं लिहून घेतलं आणि 36 हजारांवर सौदा पक्का केला. साडी घरी पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते पदर उलटा करून त्या मोराची मान फोटोशी ताडून पाहायचं. तीच मान होती, तीच एक पायरी जास्त.